वसीला, शफाअत, इस्तिगासा: तिन्हींना ‘मध्यस्थी’ चालेल का?

कोरीपाटी: कबरीपाशी दुआ मागण्याबद्दलचा एक अरबी फतवा मराठीत आणतेय. तवस्सुल, शफाअत आणि इस्तिगासा हे तीन शब्द सारखे येतात. मी तिन्हींना ‘मध्यस्थी’ लिहिलंय. चालेल ना?

शब्दवेडा: तवस्सुल आणि वसीला एकाच धातूचे, आणि वसीला म्हणजे आपला ‘वशिला’च. शफाअत म्हणजे शिफारस, शब्दही तिथूनच आला. तेव्हा वशिला आणि शिफारस लिहा, काम झालं.

पानगळ: वशिल्याचं बरोबर, शिफारशीचं नाही. शिफारस फारसीतल्या ‘सिफारिश’वरून आली. शफाअत अरबी आहे, तिच्या मुळाशी जोड देणं, विषमाचं सम करणं हा अर्थ आहे. एकट्या मागणाऱ्याच्या शेजारी दुसरा उभा राहिला की ती शफाअत.

वकीलवाडा: म्हणजे शेजारची जमीन आधी आपल्याला विकत मागायचा हक्क, शुफा, तोच ना? त्यात मागणी ताबडतोब करावी लागते.

पानगळ: धातू तोच, जमिनीला जमीन जोडायची म्हणून. पण इथे विषय तो नाही हो.

कोरीपाटी, वाक्य कुणाला उद्देशून आहे ते बघा. ‘हे अल्लाह, तुझ्या नबींच्या वसील्याने तुझ्याकडे मागतो’ हे तवस्सुल. ‘हे अमुक, माझ्यासाठी अल्लाहकडे दुआ करा’ ही शफाअतीची विनंती. ‘हे अमुक, माझं संकट दूर करा’ ही इस्तिगासा, म्हणजे सरळ धावाच. पहिल्यात हाक अल्लाहला आहे, उरलेल्या दोन्हींत कबरीतल्या माणसाला. चौदाव्या शतकातले विद्वान इब्न तैमिया कबरीपाशी असं मागण्याच्या विरोधात होते, त्यांचा सगळा युक्तिवाद या फरकावर उभा आहे. तिसरं वाक्य ते शिर्क, म्हणजे अल्लाहच्या जोडीला दुसऱ्याला बसवणं, मानतात. पहिल्यालाही त्यांची हरकत आहे, पण बिदअत, म्हणजे धर्मात नव्याने घातलेली भर म्हणून, शिर्क म्हणून नव्हे.

उलट त्यांच्याच काळातले विद्वान तकीउद्दीन सुबकी म्हणतात की तवस्सुल म्हणा, इस्तिगासा म्हणा, अर्थ एकच, कारण देणारा प्रत्येक वेळी अल्लाहच असतो. म्हणजे तिन्हींना एकच शब्द लावून तुम्ही नकळत सुबकींच्या बाजूने निकाल दिलात! फतवा विरोधी बाजूचा असेल तर त्याचा मुद्दाच नाहीसा होईल.

कोरीपाटी: विरोधी बाजूचाच आहे. त्यात अंध माणसाची हदीस येते. तिथे तर नबींना नावाने हाक आहे, मग ती यांच्याविरुद्ध जात नाही का?

पानगळ: दोन्ही बाजू तीच हदीस पुढे करतात. तिर्मिजींच्या हदीस-संग्रहात, म्हणजे नबींच्या उक्ती-कृतींच्या नोंदींत आहे. अंध माणूस येऊन म्हणतो, माझ्यासाठी दुआ करा. नबी त्याला वुजू करून, म्हणजे हात-तोंड-पाय धुऊन, दुआ म्हणायला सांगतात, तिच्यात ‘तुझ्या नबींच्या द्वारे तुझ्याकडे वळतो’ असे शब्द आहेत. समर्थक या शब्दांवर बोट ठेवतात. विरोधक दुआचा शेवट दाखवतात: ‘माझ्याबाबत त्यांची शफाअत कबूल कर.’ शफाअत कबूल करायची तर नबींनी आधी दुआ केलेली हवी. म्हणजे वसीला हयात नबींच्या दुआचा, व्यक्तीचा नव्हे. म्हणून ‘नबींच्या द्वारे’ असंच मोघम ठेवा. ‘नबींच्या दुआद्वारे’ लिहिलंत तर पुन्हा निकाल दिलात, या वेळी दुसऱ्या बाजूने.

आणि ‘अमक्याच्या हक्काने’ हा प्रयोग वसील्यासाठी वापरू नका. हनफी न्यायपंथाच्या ग्रंथांत दुआतला तो प्रयोग वेगळा काढून मकरूह, म्हणजे नापसंत, ठरवला आहे, कारण निर्मात्यावर निर्मिताचा हक्क नसतो.

कोरीपाटी: अजून एक. फतव्यात एकीकडे ‘कबरींची जियारत करावी’ आणि दुसरीकडे ‘जियारतीसाठी प्रवास करू नये’. विसंगती वाटते.

शब्दवेडा: जियारत म्हणजे यात्रा, आणि यात्रेत प्रवास आलाच. लेखकाचीच गफलत दिसते.

पानगळ: गफलत ‘यात्रा’ या शब्दाने होतेय. जियारत म्हणजे नुसती भेट. ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातल्या हदीसेत आहे: मी कबरींच्या भेटीला मनाई केली होती, आता भेट द्या. त्यावर फारसा वाद नाही. वाद प्रवासावर आहे: ‘तीन मशिदींखेरीज कुठे प्रवासाची तयारी करू नये.’ अरबीत ‘कुठे’ हा शब्दच नाही, तो वाचणाऱ्याने भरायचा. सुबकींच्या बाजूचे ‘अन्य मशिदीकडे’ असं भरतात, मग कबरीचा प्रवास मोकळा. इब्न तैमिया ‘पुण्यासाठी अन्य स्थळाकडे’ असं भरतात. त्यांचा आधार असा की तूर पर्वतावरून परतलेल्या अबू हुरैरांना एका सहाबींनी, म्हणजे नबींच्या सोबत्याने, हीच हदीस ऐकवली होती, आणि तूर काही मशीद नाही. याच मतावरून 1326 मध्ये इब्न तैमियांना दमास्कसच्या किल्ल्यात कैद केलं, 1328 मध्ये ते तिथेच वारले.

कोरीपाटी: मग जियारतला ‘कबरभेट’ करते. इस्तिगासाला ‘धावा’ आवडला. शफाअत तशीच ठेवते. तवस्सुलसाठी ‘वशिला’?

शब्दवेडा: ठेवा की, मूळचाच शब्द आहे.

पानगळ: नको. मराठीत वशिला म्हटलं की नोकरी लावणाराच आठवतो. समर्थकांना तो टोमणा वाटेल. ‘वसीला’ लिहा.

शब्दवेडा: आणि विरोधक म्हणतील, टोमणाच तर मारायचा होता! फतवा त्यांचाच आहे ना?