मूळ फोटो जसाच्या तसा परत आला म्हणजे पिरॅमिड बरोबर, हे खरं की खोटं?

फुटाळाकाठ
ट्रायपॉडवरून फुटाळा तलावाचे दोन फोटो काढले, एक आभाळासाठी कमी उजेडाचा आणि एक काठासाठी जास्त उजेडाचा. लाप्लासियन पिरॅमिडने, म्हणजे प्रत्येक फोटो अर्ध्या-अर्ध्या मापाच्या पातळ्यांत उलगडून, दोन्ही एकत्र करून राहिलो. चित्र लहान करायला `cv2.pyrDown` वापरतो. पुन्हा मोठं करायला `cv2.pyrUp` लावलं की मापं जुळत नाहीत म्हणून एरर येतो, त्यामुळे तिथे `cv2.resize` टाकलं. प्रत्येक फोटो उलगडून पुन्हा जोडला तर मूळ फोटोशी फरक एकूण एक पिक्सेलला शून्य. माझं मत, असं शून्य आलं म्हणजे पिरॅमिड बरोबरच आहे. मित्र म्हणतो ही परीक्षा फालतू. पण मग दोन फोटो जुळतात त्या शिवणीजवळ दिव्यांच्या खांबांना दुहेरी कड काऊन दिसते?

थर्डइयर
मित्र चुकतोय. शून्य फरक सोपा नसतो. गॉसियन गाळणी गुळगुळीत असल्यामुळे आधी धूसर करून मग अर्धे पिक्सेल टाकले तर माहिती जात नाही, म्हणून सगळं परत मिळतं. तुमची गाळणी चांगली आहे एवढंच यातून सिद्ध होतं. कड मास्कमुळे असेल, म्हणजे कुठे कोणता फोटो किती घ्यायचा ते सांगणाऱ्या चित्रामुळे, मास्क अजून धूसर करा.

महालवाले काका
थर्डइयर, मास्कबद्दलचं तुझं बोलणं वाईट नाही, पण कारण उलटं सांगितलंस. माहिती नक्कीच जाते, चारातले तीन पिक्सेल फेकल्यावर जाणारच. ती परत मिळते ती गाळणीच्या पुण्याईने नाही, तर जे गेलं ते आपण बाजूला लिहून ठेवतो म्हणून. मोठ्या चित्रातून लहान चित्राची फुगवलेली प्रत वजा केली, उरलं ते रेसिड्युअल. परत येताना तीच प्रत मिळवली की मूळ आलंच. फुगवण्याच्या जागी तू कुठलाही कचरा ठेव, अगदी प्रत्येक पिक्सेलला 77 ठेव. वजा करताना आणि मिळवताना तोच ठेवलास तर फरक शून्यच येईल. म्हणून मित्राच्या बाजूने माझं मत: ही परीक्षा पिरॅमिडची नाही, बेरीज-वजाबाकीची आहे.

एक ओळ हाताने करून बघा. डावीकडे काळं 0, उजवीकडे 160, मध्ये एकदम कड:

```
मूळ        0    0    0    160   160   160   160
फुगवलेली   5    21   60   104   135   154   160
रेसिड्युअल  -5   -21  -60  56    25    6     0
```

गाळणी 1-4-6-4-1, भागिले 16. धूसर करून एक सोडून एक घेतलं की 0, 10, 110, 160 उरतात, आणि त्यांना फुगवून पूर्णांक केलं की मधली ओळ मिळते. मधली ओळ कडेला किती चुकते ते पाहा, आणि तरीही शेवटच्या दोन ओळींची बेरीज पहिलीच येते. फुगवणं याहून दहापट वाईट असतं तरी आली असती.

बर्डीचा स्टुडिओवाला
राजेहो, मायाजवळ आजोबाचा एक फोटो हाये, व्हॉट्सॲपवर फिरून फिरून लहानसा झालेला. तुमी म्हणता तसं जे गेलं ते जसंच्या तसं परत येत असेल तर मले तो मोठा करून द्या ना कोनी. गिऱ्हाईक रोज हेच मागते.

महालवाले काका
भाऊ, तुमच्याकडे पिरॅमिडचा फक्त वरचा लहान दगड आलाय. खालच्या पातळ्यांचे रेसिड्युअल फोटो लहान करणाऱ्याने ठेवलेच नाहीत. ते नसतील तर फुगवलेली धूसर प्रत मिळेल, तेवढीच.

रामदासपेठ
काका, तुम्ही अर्धी बाजू सांगितली. मी चित्रं दाबून साठवण्याचं काम करते आणि ही परीक्षा मला रोज वाचवते. तुमच्याच ओळीत -21 आणि -60 आहेत. नेटवरचा शिकाऊ कोड दोन `uint8` चित्रांवर, म्हणजे 0 ते 255 एवढेच आकडे ठेवणाऱ्या चित्रांवर, सरळ `cv2.subtract` लावतो, तिथे शून्याखालचं सगळं शून्य होतं. मग काळ्या बाजूला 0 ऐवजी 21 आणि 60 परत येतात, उजळ बाजू मात्र अगदी बरोबर. म्हणजे प्रत्येक कडेच्या फक्त काळ्या अंगाला धुकट पट्टा. ही चूक शून्य-फरकाच्या परीक्षेतच पकडली जाते. तिला फालतू कसं म्हणायचं?

आणि साठवणीत या वजाबाकीला फार किंमत आहे. समजा तीन पातळ्या आहेत, दोन रेसिड्युअल आणि एक सगळ्यात लहान चित्र. प्रत्येक संख्या 8 च्या जवळच्या पटीत बसवली, म्हणजे चूक जास्तीत जास्त 4. रेसिड्युअल मूळ लहान चित्रांवरून काढले असतील तर वरची चूक फुगून खाली येते आणि शेवटी 12 पर्यंत जाऊ शकते. पण प्रत्येक रेसिड्युअल आधीच बिघडवलेल्या, म्हणजे समोरच्याला खरोखर मिळणाऱ्या लहान चित्रावरून काढला, तर वरच्या चुका त्यातच भरून निघतात आणि शेवटी फक्त खालच्या पातळीची 4 उरते. तुम्ही जिला कचरा चालणारी वजाबाकी म्हणता तिचाच हा फायदा आहे.

महालवाले काका
`cv2.subtract` चं मान्य, शब्द मागे घेतो. नापास झालं तर चूक नक्की आहे. पास झालं तर काही कळत नाही, एवढंच म्हणतो. तुमच्याच उदाहरणाचा भाऊ घ्या: `cv2.subtract` ऐवजी नमपायच्या दोन `uint8` चित्रांमध्ये साधं वजाचं चिन्ह टाका. -21 चं 235 होतं, मिळवताना 256 ओलांडून पुन्हा बरोबर जागी येतं आणि फरक शून्य. परीक्षा पास. आता हेच दोन फोटो मास्कने मिसळा. -21 ला खरंच 235 समजून सरासरी काढली जाईल आणि शिवणीवर रांगोळी सांडेल.

फुटाळाकाठचं दुखणं याच जातीचं वाटतं. `pyrDown` लहान चित्राचा k वा पिक्सेल मोठ्या चित्रातल्या 2k वर बसवतो. `cv2.resize` मात्र समजतो की तो 2k आणि 2k+1 च्या मध्ये आहे. त्यामुळे फुगवलेली प्रत अर्धा पिक्सेल सरकते. त्याच्या वरच्या पातळीवरचा तोच अर्धा पिक्सेल मूळ फोटोत एक पिक्सेल होतो, आणखी वरचा दोन. एकट्या फोटोत रेसिड्युअल ही सरक निमूटपणे भरून काढतो, म्हणून शून्य. मिसळताना प्रत्येक पातळीला मास्कची वेगवेगळी धूसर प्रत लागते. जिथे मास्क पूर्ण पांढरा किंवा पूर्ण काळा तिथे काही बिघडत नाही, पण शिवणीजवळ लहान चित्र एका प्रमाणात मिसळतं आणि त्याची सरक भरणारा रेसिड्युअल दुसऱ्या प्रमाणात. उरलेली सरक खांबाला दुसरी कड म्हणून दिसते. दोन्ही फोटोंचा उजेड सारखा असता तर हेही दिसलं नसतं.

थर्डइयर
मग दुसरी परीक्षा कोणती? डोळ्याने बघत बसायचं का?

महालवाले काका
बेरीज करूच नकोस, रेसिड्युअलच बघ. सगळीकडे 128 असलेलं चित्र टाक, रेसिड्युअल सगळीकडे 0 हवा. 96 आला तर फुगवताना शून्यं घुसवून नंतर चाराने गुणायला विसरलास, म्हणून 128 चे 32 झाले. हे जमलं की उतार टाक, डावीकडून उजवीकडे दर पिक्सेलला 4 ने वाढणारा, 64 पिक्सेल रुंद. मधे 0 हवा. सगळीकडे 2 दिसला तर तो अर्धा पिक्सेल.

मापांचा एरर असा जातो, `G[i]` म्हणजे i व्या पातळीचं चित्र आणि `L` म्हणजे रेसिड्युअल:

```python
h, w = G[i].shape[:2]
up = cv2.pyrUp(G[i+1], dstsize=(w, h))
L = G[i].astype(np.int16) - up
```

`dstsize` मध्ये आधी रुंदी, मग उंची. परत जोडतानाही हेच द्यायचं. रुंदी काय आहे रे तुझी?

फुटाळाकाठ
1365. पुढे 683, मग 342, मग 171.

महालवाले काका
मग बरोबर. 171 चे 342 होतात, तिथे भांडण नाही. 342 चे 684 होतात आणि तुला 683 हवेत, तिथे अडतं. एका पिक्सेलसाठी तू गाळणीच बदलून टाकलीस.

रामदासपेठ
तुमच्या परीक्षा मला आवडल्या, माझ्या यादीत घालते. पण मूळ मुद्दा सोडत नाही. मिसळून तयार झालेला पिरॅमिड हा कुठल्याच खऱ्या चित्राचा पिरॅमिड नसतो. पातळ्या मिळून मूळ चित्राच्या सुमारे 4/3 पट संख्या होतात, आणि जास्तीच्या संख्या एकमेकींशी जुळायचं बंधन आता कोणी पाळलेलं नसतं. जोडलेलं चित्र पुन्हा उलगडलं तर वेगळेच रेसिड्युअल मिळतात. म्हणजे मिसळताना ‘बरोबर पिरॅमिड’ या शब्दालाच अर्थ उरत नाही. राहते ती फक्त ठरलेली बेरीज.

महालवाले काका
म्हणूनच ती बेरीज ही एकमेव वाट मानू नये. डो आणि व्हेटर्ली या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं की संख्या जास्त आहेत तर परत येण्याच्या वाटाही अनेक आहेत, आणि रेसिड्युअलमध्ये गोंगाट शिरला असेल तर साध्या बेरजेपेक्षा चांगली वाट आहे.

रामदासपेठ
त्यांची सोपी वाट ठरावीक जातीच्या गाळण्यांसाठी आहे. 1-4-6-4-1 त्यात बसत नाही. आणि ती वाट घेतली तर तुमच्या लाडक्या ‘वरची चूक खालीच भरून काढा’ युक्तीवर पाणी.

महालवाले काका
युक्ती तुमची, लाडकी मला कधीपासून झाली? पण गाळणी बदलता येते की. हा पिरॅमिड मांडताना बर्ट आणि ॲडेलसन यांनी 1983 मध्ये मधला आकडा मोकळाच ठेवला होता. 0.4 घेतला की 0.05, 0.25, 0.4, 0.25, 0.05 मिळतात, 0.375 घेतला की तुमची 1-4-6-4-1.

रामदासपेठ
तो आकडा बदलून ती गाळणी त्या जातीची होत नाही, काका. करून बघा.

बर्डीचा स्टुडिओवाला
बर्ट म्हंजे ते अर्ध सफरचंद अर्ध संत्रं करनारे ना? मायाकडं कोनीतरी तो फोटो दाखवला होता. संत्रं आपलं नव्हतं वाटते, साल लयच गुळगुळीत होती.

फुटाळाकाठ
उतार टाकून बघितला. `resize` ने मधे सगळीकडे 2. `dstsize` देऊन `pyrUp` लावलं तर मधे 0, पण डाव्या काठाला पहिल्या पिक्सेलवर -4 आणि दुसऱ्यावर -2 येते. खांबाची दुसरी कड गेली. काठाचं काय करू?

महालवाले काका
काठाला चित्र आरशासारखं दुमडतं, उताराची तिथे दरी होते, म्हणून ते येणारच. तुझी शिवण फोटोच्या काठापर्यंत जात असेल तर चारी बाजूंनी पट्टी जोडून मग उलगड आणि शेवटी काप. पट्टी किती रुंद ते पातळ्यांवर अवलंबून. तुझ्या किती?

फुटाळाकाठ
सहा. पट्टी 64 ठेवून बघतो आज रात्री.