गेम बूस्टर आणि मेमरी क्लीनर: फोन पळतो की नुसती बॅटरी जाते?

ओंकार, सिडको: माझा ४ जीबी रॅमचा, अँड्रॉइड १२ असलेला फोन गेम खेळताना अर्ध्या तासाने अडकायला लागतो. क्लीनर टाकलाय, तो रोज ‘९०० एमबी मोकळी केली’ म्हणतो. आता मित्र म्हणतो बूस्टरही टाक. उपयोग होतो का?

मीनल: रॅम कमी पडत असती तर गेम उघडतानाच रखडला असता किंवा मधेच बंद पडला असता. अर्ध्या तासाने अडकतो म्हणजे बहुधा फोन तापतोय आणि प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतोय. नाशिकच्या एप्रिलमध्ये, चार्जिंगला लावून खेळत असशील तर नक्कीच. फोन रूट केलेला, म्हणजे सिस्टिमचा पूर्ण ताबा मिळवलेला, नसेल तर बाहेरून टाकलेल्या ॲपला प्रोसेसरच्या वेगाला हात लावता येत नाही, मग बूस्टर करणार काय?

आणि ते ९०० एमबी! अँड्रॉइड बंद केलेली ॲप्स मुद्दाम रॅममध्ये ठेवतो, म्हणजे पुन्हा लगेच उघडतात. जागा लागली की तोच ती काढतो. क्लीनरने आधीच मारली की ती पुन्हा पहिल्यापासून उघडावी लागतात. काही तर आपणहून परत सुरू होतात आणि क्लीनर परत मारतो. बॅटरी या खेळात जाते.

पक्या पंचवटी: सगळं थोतांड नाही हां. माझ्या फोनमध्ये गेम मोड आहे, लावला की गेम मस्त चालतो. नोटिफिकेशनही येत नाहीत.

मीनल: तो कंपनीनेच फोनमध्ये दिलेला, सिस्टिमचा भाग. त्याला वेग वाढवता येतो, म्हणून फरक दिसतो. पण वेग वाढला की फोन लवकर तापणार, बॅटरीही जास्त जाणार. नोटिफिकेशन तर ‘डू नॉट डिस्टर्ब’नेही थांबतात.

निफाडचा बागायतदार: आमचा फोन क्लीनरनेच सुटला बुवा. द्राक्षांचे व्हिडिओ आणि ग्रुपवरचे फॉरवर्ड यांनी गच्च भरला होता, कॅमेरासुद्धा उघडेना.

मीनल: काका, तुमचं स्टोरेज भरलं होतं. ते रिकामं केल्याने फोन खरंच सुधारतो, पण रॅमचा त्याच्याशी संबंध नाही. फाइल्स हाताने उडवल्या तरी तेच होईल.

पक्या पंचवटी: मग क्लीनरवाले लाखो डाउनलोड्स कसे मिळवतात?

मीनल: जाहिराती दाखवून. अँड्रॉइड १४ पासून तर साध्या ॲपला दुसऱ्या ॲपची बॅकग्राउंड प्रोसेस मारण्याची सोयच काढून टाकली आहे, तरी आकडे फिरतातच. ओंकार, क्लीनर काढ, फोनचं कव्हर काढून चार्जरशिवाय खेळ, ग्राफिक्स एक पायरी खाली आण. त्याआधी सेटिंग्जमध्ये बॅटरीच्या वापरात क्लीनरचा टक्का बघून ठेव.

ओंकार, सिडको: क्लीनर ११ टक्के! गेमच्या खालोखाल तोच. कव्हर काढून खेळलो, अडकणं कमी झालं, पण पाऊण तासाने परत तेच.

पक्या पंचवटी: बघ, म्हणजे बूस्टर लागणारच.

मीनल: नाही रे. ग्राफिक्स उतरवलेस का ओंकार, ते सांग आधी.