मदत हवी आहे: एकाच मालाचे दोन पॅकिंगचे बॉक्स, नव्या सिस्टीममध्ये ओपनिंग स्टॉक कसा चढवावा?

नमस्कार मंडळी. फोंड्याच्या आमच्या गोदामातून म्हापसा-मडगावपर्यंत किराणा माल जातो. आता एक्सेल सोडून वेअरहाऊस मॅनेजमेंट सिस्टीम घेतोय. ट्रायलसाठी थोडा स्टॉक चढवला आणि बिस्किटांवर अडलो.

शीटमध्ये नुसते '१२ बॉक्स' होते. त्यातले ७ जुन्या पॅकिंगचे, ४८ पुड्यांचे. ५ नवे, ६० पुड्यांचे. खरा माल ६३६ पुडे. आयटम मास्टरमध्ये बॉक्सचा हिशोब एकच, ६०चा, म्हणून सिस्टीम ७२० दाखवते. ८४ पुडे फक्त स्क्रीनवर! ६० आणि ४८मधल्या १२ने या फरकाला पूर्ण भाग जातो म्हणून कारण सापडले, नाहीतर चोरीचा संशय बिचाऱ्या गोदामातल्या पोरांवर गेला असता, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं.

ओपनिंग स्टॉक सुट्या पुड्यांत चढवला तर आकडा जुळतो, पण पुढे पिकिंगला '२ बॉक्स' म्हटल्यावर पोरगा कुठला बॉक्स उचलणार? पुड्यावरचा बारकोड दोन्हीकडे एकच आहे. जुन्या पॅकिंगला वेगळा आयटम कोड द्यावा, की बॅचनिहाय पॅक साईज ठेवावी? वेगळ्या कोडने विक्रीचा रिपोर्ट दुभंगतो ना? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा. चतुर्थीचा माल यायच्या आत लाईव्ह जायचं आहे.