१ ऑक्टोबरला घेतलेल्या यंत्राचा घसारा

> ‘१ ऑक्टोबरला मशीन घेतलं, दर १० टक्के. दोन्ही पद्धतींनी पहिल्या वर्षाचा घसारा सारखाच आला. माझं काही चुकलंय का?’

नाही, बरोबर आहे. फरक दुसऱ्या वर्षापासून पडतो आणि चूकही तिथेच होते.

समजा, परळच्या एका छापखान्याने १,१२,००० रुपयांचं यंत्र घेतलं आणि बसवायला ८,००० लागले. बसवणावळ मूळ किमतीतच धरायची, म्हणजे १,२०,०००. ३१ मार्चपर्यंत सहा महिने, म्हणून घसारा ६,०००. शिल्लक १,१४,०००.

दुसऱ्या वर्षी स्थिर हप्ता पद्धतीत पुन्हा मूळ किंमत धरायची, पूर्ण वर्षाचे १२,०००. इथे बरेच जण आधीचा ६,००० चा आकडाच पुढे ओढतात. ऱ्हासमान शेष पद्धतीत १,१४,००० वर १० टक्के, म्हणजे ११,४००. इथे कुणी १,०८,००० वर काढलं, तर त्याने पहिलं वर्ष पूर्ण धरलंय हे लगेच ओळखावं. तिसऱ्या वर्षी अनुक्रमे १२,००० आणि १०,२६०. आता शिल्लक ९०,००० आणि ९२,३४०.

स्थिर हप्त्यात भंगारमूल्य शून्य असेल तर उरलेले सहा महिने अकराव्या वर्षात येतात, ते विसरू नका.

हे सगळं पुस्तकी खात्यांपुरतं. आयकरात महिने मोजत नाहीत. यंत्राचा वापर त्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी झाला तरच दर निम्मा होतो. १ ऑक्टोबरलाच वापर सुरू झाला असेल तर मार्चअखेर १८२ दिवस भरतात, म्हणून तिथे पूर्ण दर मिळतो.