अनुभव धागा : दुबार चढलेले बिल आणि रात्रपाळीतली उलट नोंद

धागाकर्ता : पुरवठादाराचे एकच बिल वहीत दोनदा चढल्याचे ज्यांनी स्वतः शोधले आहे आणि ते न खोडता उलट नोंदीने दुरुस्त केले आहे, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा. बिल कसे सापडले आणि नोंद नेमकी कशी केली, हे दोन्ही यावे. रात्रपाळीत काम करणाऱ्यांना विशेष आमंत्रण आहे.

दूधहिशेब : मी एका दूध प्रक्रिया केंद्रात रात्रपाळीचा हिशेबनीस आहे. संध्याकाळचे संकलन संपून टँकरच्या पावत्या चढवून झाल्या की, सकाळी बँकेत द्यायची देयकांची यादी तयार करणे हे माझे काम असते. सप्टेंबरच्या मध्यावर अशाच एका यादीत कॉस्टिक सोड्याच्या एकाच पुरवठादारापुढे 1,13,280 रुपयांची दोन बिले दिसली. एकाचा क्रमांक 0417 होता, दुसऱ्याचा 417. आमच्याकडे टाक्या आणि नळ्या धुण्यासाठी हा सोडा नियमित लागतो, त्यामुळे एकाच रकमेची दोन बिले येणे अशक्य नव्हते, आणि म्हणूनच केवळ रकमेवरून काही ठरवणे मला योग्य वाटले नाही.

मी दोन्ही नोंदींमागचे कागद काढले. पहिली नोंद ऑगस्टच्या अखेरीस, पुरवठादाराने मेलवर पाठवलेल्या प्रतीवरून झाली होती, तर दुसरी 2 सप्टेंबरला, मालासोबत आलेल्या मूळ बिलावरून. दोन्ही कागदांवर बिलाची तारीख तीच होती आणि गाडीचा क्रमांकही तोच होता. पुरवठादार क्रमांकाआधी शून्य छापतो, ते एका नोंदीत आले आणि दुसऱ्या नोंदीत गळले, एवढाच काय तो फरक होता. संगणक दुबार क्रमांकाची सूचना देतो खरा, परंतु त्याच्या लेखी 0417 आणि 417 ही दोन वेगळी बिले होती. त्यानंतर मी फाटकावरची आवक नोंदवही मागवली. तीत 50 किलोच्या 40 गोण्या एकदाच उतरल्याची नोंद होती, आणि भांडाराच्या वहीतही 40 गोण्याच होत्या. जीएसटीच्या ऑगस्टच्या 2B विवरणातही हे बिल एकदाच दिसत होते. इतके जुळल्यावर शंकेला जागा उरली नाही.

दुसरे व्हाउचर खोडून टाकणे एका कळीचे काम होते, परंतु मी ते केले नाही. त्या रात्रीच्याच तारखेच्या जर्नल व्हाउचरने उलट नोंद केली : पुरवठादार नावे 1,13,280, स्वच्छता रसायने जमा 96,000, सीजीएसटी जमा 8,640 आणि एसजीएसटी जमा 8,640. नोंदीच्या तपशिलात दोन्ही व्हाउचरचे क्रमांक, गेट नोंदीचा क्रमांक आणि दुबार नोंदीचे कारण लिहिले. दुबार नोंद आणि उलट नोंद एकाच महिन्यात आल्यामुळे सप्टेंबरच्या विवरणात त्यांचा परस्पर निरास होणार होता.

यानंतरचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. खात्याची बाकी बरोबर आली, तरी देयकांची यादी पुन्हा काढल्यावर 417 हे बिल जसेच्या तसे उभे होते, आणि त्याच्याखाली तेवढीच रक्कम ‘खात्यावर’ म्हणून वेगळी दिसत होती. टॅलीमध्ये पुरवठादाराची प्रत्येक रक्कम कोणत्या बिलापोटी आहे हे सांगावे लागते, आणि उलट नोंद 417 या संदर्भाशी बांधल्याशिवाय ते बिल बंद होत नाही. ते बांधल्यावरच यादीत एकटे 0417 उरले. सकाळी लेखापालसाहेबांची सही घेऊनच यादी बँकेत गेली.

उधारखाते : एवढा खटाटोप कशासाठी, असा मला प्रश्न पडला. आम्ही अशा वेळी पुरवठादाराच्या नावे डेबिट नोट काढतो. माल आणि रक्कम दोन्ही एकाच व्हाउचरने कमी होतात आणि पुरवठादारालाही कळते.

निवृत्त तपासनीस : उधारखाते यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. खरेदीची नोंद मालाच्या नगांसह केलेली असेल, तर साध्या जर्नल व्हाउचरने रक्कम उलटते, मात्र साठ्यात न आलेल्या 40 गोण्या तशाच राहतात आणि वर्षअखेरीच्या मोजणीत तूट म्हणून पुढे येतात. दूधहिशेब यांच्याकडे भांडार स्वतंत्र असल्याने तो प्रश्न आला नाही. ज्यांच्याकडे तसे नाही, त्यांनी साठाही वेगळ्या व्हाउचरने कमी करावा.

परंतु डेबिट नोटचा अर्थ माल परत गेला किंवा दराचा वाद आहे, असा होतो. येथे पुरवठादाराने दुसरे बिल काढलेलेच नाही, मग तो त्यापोटी कोणती क्रेडिट नोट देणार? त्याच्या वहीत एकच बिल आहे आणि ते बरोबर आहे. चूक केवळ आपल्या वहीतली असेल, तर तिची दुरुस्तीही आपल्याच वहीत राहिली पाहिजे. मी तपासणीला जात असे तेव्हा न जुळणाऱ्या डेबिट नोटांमागे निम्म्या वेळा हेच कारण निघे, आणि दोन वर्षांनंतर ते उलगडताना सर्वांचाच जीव मेटाकुटीला येई.

न खोडण्याबद्दलही लिहितो. 1 एप्रिल 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून कंपन्यांना प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारेच हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरावे लागते, त्यामुळे खोडलेल्या व्हाउचरचा मागही शिल्लक राहतो. मात्र तो माग कारण सांगत नाही, ते उलट नोंदीचा तपशील सांगतो. दुबार नोंदीचा महिना उलटून त्याचे जीएसटीचे 3B विवरण भरून झाले असेल, तर मागच्या तारखेने काही करू नये. चालू महिन्यात उलट नोंद करावी आणि जादा घेतलेले कराचे क्रेडिट चालू विवरणात परत करावे. ते क्रेडिट वापरले गेले असेल, तर त्यावर वार्षिक 18 टक्के दराने व्याज पडते.

किराणाभुसार : माझाही असाच अनुभव आहे. दिवाळीच्या गर्दीत घाऊक व्यापाऱ्याने साबणाची तीच खोकी दोनदा पाठवली आणि बिलेही दोन आली. मी एक खेप परत केली आणि त्याने क्रेडिट नोट दिली.

दूधहिशेब : आपल्याकडे माल आणि बिल दोन्ही खरोखर दोनदा आले होते, म्हणून ती खरेदी परत झाली आणि तेथे क्रेडिट नोटच योग्य होती. माझ्याकडे कागदच दोनदा चढला होता.

रात्रीचा पुणेकर : आम्ही पुण्यात बसून अमेरिकेतल्या ग्राहकाची बिले सॅपमध्ये चढवतो. MIRO ने चढवलेले बिल MR8M ने रद्द केले की उलट दस्त आपोआप तयार होतो. अडचण येते ती पैसे गेल्यानंतर. तेव्हा आधी FBRA ने देयकाशी जुळलेली जोडणी सोडवावी लागते, आणि गेलेली रक्कम पुढच्या बिलातून वळती होईपर्यंत पुरवठादाराकडे येणे दिसत राहते. तेथेही दुबार बिले आडवी रेघ किंवा शून्य गळाल्यामुळेच निसटतात. आम्ही आता दर आठवड्याला क्रमांकातले केवळ आकडे ठेवून, सुरुवातीची शून्ये काढून, रकमेसह यादी लावतो.

उधारखाते : साठ्याचा मुद्दा मान्य आहे आणि डेबिट नोटचाही पटला. एक प्रश्न मात्र राहतो. रात्री एकट्याने चूक शोधायची आणि एकट्यानेच उलट नोंद करायची, हे योग्य आहे का? उद्या कोणी खरेच बिल असे उलटवले तर काय करायचे?

निवृत्त तपासनीस : माझ्या मते रात्री केवळ बिलाचे देयक रोखून ठेवावे आणि उलट नोंद सकाळी दुसऱ्याच्या मंजुरीने व्हावी.

दूधहिशेब : देयक रोखायला आमच्याकडे वेगळी सोय नाही, यादी सहा वाजता तयार करावी लागते आणि साहेब दहाला येतात. सहीपूर्वी त्यांनी गेट नोंदीची प्रत पाहिली होती, तेवढे मला पुरेसे वाटते. आपल्याला ते पुरेसे वाटणार नाही, हेही मला समजते.