मदत हवी आहे: आडवा आलेला टेन ऑफ पेंटॅकल्स आणि घरचा विरोध

मीनल_सोलापूर
नमस्कार. मी टॅरो शिकतेय. ओळखीच्यांसाठी वाचते, पैसे घेत नाही. एका जवळच्या मैत्रिणीसाठी केल्टिक क्रॉस ही दहा पत्त्यांची मांडणी मांडली आणि अडकलेय. तिला विचारूनच इथे लिहितेय.

मैत्रीण पद्मशाली, सोलापूरच्या पूर्व भागातली. एकत्र कुटुंब, घरचा टॉवेलचा कारखाना. मुलगा मुसलमान, कॉलेजपासूनची ओळख. दोघंही पंचविशीच्या पुढचे, दोघांनाही नोकरी. तिच्या घरी कळल्यापासून आई रडते, वडील गप्प असतात आणि थोरल्या काकांनी "हा विषय या घरात परत नको" असं बजावलंय. मुलाच्या घरीही विरोध आहे, पण तिकडे निदान बोलणं चालू आहे. तिचा प्रश्न एकच होता, "घरचे मानतील का?"

मध्यभागी टू ऑफ कप्स, त्यावर आडवा टेन ऑफ पेंटॅकल्स. वर सन, खाली सिक्स ऑफ कप्स, मागे थ्री ऑफ पेंटॅकल्स, पुढे फाइव्ह ऑफ वाँड्स. बाजूच्या उभ्या ओळीत खालून वर टू ऑफ सोर्ड्स, हायरोफंट, टेन ऑफ कप्स आणि शेवटी जस्टिस. सगळे सुलटे.

टेन ऑफ पेंटॅकल्स म्हणजे भरलं घर. तो अडथळ्याच्या जागी कसा वाचायचा? हायरोफंट हा तिच्या घरचा धर्म की मुलाचा? आणि जस्टिस आलाय म्हणून कोर्ट मॅरेज कर असं सांगू का? ती रविवारी भेटणार आहे.

श्रीकांत_भा
दोघांच्या जन्मवेळा द्या. ३६ पैकी किती गुण जुळतात ते आधी बघू, नाडीदोष असेल तर पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

मीनल_सोलापूर
काका, पत्रिकेचा प्रश्न नाही. मुलाच्या घरी जन्मवेळ लिहूनच ठेवलेली नाही. पत्त्यांबद्दल विचारतेय.

तेजू२२
अगं छान पत्ते आहेत! टू ऑफ कप्स आणि हायरोफंट एकाच मांडणीत म्हणजे लग्न होणारच. जस्टिस शेवटी, म्हणजे निकाल तिच्या बाजूने. बिनधास्त सांग.

विद्या कुलकर्णी
तेजू, हायरोफंटचा लग्नाशी संबंध आहे हे बरोबर. पण तो आठव्या जागी आहे. ती जागा घराची, आजूबाजूच्या माणसांची. तिथून तो "लग्न होईल" असं सांगत नाही, घरात निर्णय कसे होतात ते सांगतो. चित्रात त्याच्यापुढे दोघे जण गुडघे टेकून बसले आहेत आणि किल्ल्या त्याच्या पायाशी आहेत. म्हणजे या घरात प्रत्येक जण कुणाच्या तरी परवानगीची वाट बघतोय. मीनल, तो कुठला धर्म हे शोधू नकोस. १९०९ च्या या संचात तो पोपसारखा काढलाय, पण पत्त्याला धर्म चिकटवला की मांडणीतला एक पक्ष आपोआप खलनायक होतो. तुझ्या मैत्रिणीला त्याचा काही उपयोग नाही.

आता आडवा पत्ता. ही मांडणी छापून प्रसिद्ध करणाऱ्या वेटनेच लिहून ठेवलंय की आडव्या जागी चांगला पत्ता आला तर विरोध फार गंभीर नसेल, किंवा जी गोष्ट एरवी चांगली आहे ती या बाबतीत चांगलं फळ देणार नाही. इथे मी दुसरा अर्थ धरेन. घर भरलेलं आहे, कारखाना एकत्र आहे, माणसं एकमेकांना धरून आहेत, आणि नेमकं तेच आडवं आलंय. पत्ता नीट बघ. कमानीखाली जोडपं आहे, पण पुढे म्हातारा बसलाय आणि कुत्री त्याच्यापाशी आहेत. जोडप्यामागचं मूल त्या कुत्र्यांकडे बघतंय. तिला एवढंच विचार, तुमच्या घरात तो म्हातारा कोण आणि ते मूल कोण?

मीनल_सोलापूर
फोनवर विचारलं. म्हातारा म्हणजे थोरले काकाच, कारखाना त्यांच्या नावावर चालतो. "मूल" म्हटल्यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, काकांची मुलगी. तिचं स्थळ ठरत आलंय, मुलाकडचेही पूर्व भागातलेच. "हे कळलं तर ते मोडेल" असं काकू आईला म्हणाल्या होत्या. हे तिने मला आधी सांगितलं नव्हतं.

विद्या कुलकर्णी
मग विरोधाचं निम्मं कारण सापडलं. धर्म आहेच, पण घाई आणि धाक त्या स्थळामुळे आहे. फाइव्ह ऑफ वाँड्स पुढे आहे, म्हणजे वाद होणारच. तो बहिणीचं लग्न होण्याआधी ओढवून घ्यायचा की नंतर, हे तिच्या हातात आहे. "मानतील का" हा दुसऱ्यांच्या मनाचा प्रश्न झाला, त्याचं उत्तर पत्त्यांतून काढू नये. "मी कधी आणि कुणाशी बोलू" असं विचारलं तर सातवी जागा, म्हणजे तिची स्वतःची जागा, बोलते.

सातव्यात टू ऑफ सोर्ड्स, डोळ्यांवर पट्टी. दहाव्यात जस्टिस, हातात तलवार तशीच, पण या संचातल्या जस्टिसच्या डोळ्यांवर पट्टी नाही. मी हे दोन पत्ते जोडून वाचेन. पट्टी काढून सगळं बघितलं तर निवाडा होईल. कुणाच्या बाजूने, ते पत्त्यात नाही.

इम्तियाज_जुळेसोलापूर
मला पत्त्यांतलं काही कळत नाही, पण आमचंही लग्न असंच झालंय, म्हणून लिहितो. बायको हिंदू, मी मुसलमान. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्ट, १९५४ चा. दोघांपैकी एक जण जिथे निदान ३० दिवस राहतोय त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती ३० दिवस लागते, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. धर्म बदलावा लागत नाही.

तेजू२२
पण नोटिशीचं पत्र घरी जातं ना? मग लपणार कसं?

इम्तियाज_जुळेसोलापूर
कायद्यात घरी पाठवण्याचं नाही, कार्यालयात ठळक जागी लावतात. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर तिकडच्या अधिकाऱ्याकडे प्रत जाते. पण आपल्या गावात ओळखीचा कुणी बघितला तर संध्याकाळपर्यंत घरी कळतंच. हरकत कुणीही घेऊ शकतो, पण ती वय, आधीचं लग्न, जवळचं नातं अशा कायद्यातल्या कारणांवरच टिकते. "आम्हाला पसंत नाही" ही हरकत होत नाही.

आणि एक. ते कारखान्याचं ऐकून सांगतो. एकत्र हिंदू कुटुंबातल्या व्यक्तीने या कायद्याखाली दुसऱ्या धर्माच्या माणसाशी लग्न केलं की ती त्या कुटुंबातून कायद्याने विभक्त झाली असं धरतात. हिस्सा बुडत नाही. पण कारखाना एकत्र असेल तर काकांच्या डोक्यात वाटणीची भीती असेलच. आमच्या सासऱ्यांच्या होती. वकिलाला आधी विचारा.

विद्या कुलकर्णी
इम्तियाजभाई, पत्ते कळत नाहीत म्हणता आणि टेन ऑफ पेंटॅकल्स तुम्हीच पुरा केलात.

तेजू२२
तरी मला वाटतं, जस्टिसवर अजून एक पत्ता काढून बघावा. स्पष्ट होईल.

विद्या कुलकर्णी
मी काढणार नाही. आवडेपर्यंत पत्ते काढत राहिलं की मांडणी आपल्याला हवं तेच बोलायला लागते. काही जाणकार काढतात, ते मला मान्य आहे. पण हा प्रश्न घर सोडण्याचा आहे.

मीनल, रविवारी आधी एक विचार. तिचा फोन काढून घेतलाय का, नोकरीला जाऊ देतात का, कुणी हात उचललाय का? यातलं काही असेल तर पत्ते पेटीत ठेव आणि तिच्याकडे १८१ आणि ११२ हे नंबर आहेत ना ते बघ.

मीनल_सोलापूर
फोन तिच्याकडेच आहे, नोकरीही चालू आहे. गेल्या महिन्यापासून भाऊ सोडायला आणि आणायला येतो, हे मात्र आहे. त्याबद्दल नीट विचारते. दहावा पत्ता मी "निकाल" म्हणून सांगणार नाही. नवव्यातला टेन ऑफ कप्स अजून सुटलेला नाही, ती त्याला आशा म्हणते आणि मला तिथे भीती दिसते.

श्रीकांत_भा
काकांच्या मुलीची पत्रिका असेल तर पाठवा. तिचं लग्न लवकर उरकण्यासारखा मुहूर्त बघून देतो, तेवढीच मदत.