प्रतिसाद: थंड कांदा आणि धारदार सुरी

«फ्रिजमधला कांदा कापताना डोळे कमी चुरचुरतात, हे खरे की भास?»

हे खरे आहे. अखंड कांद्याच्या पेशींत गंधकयुक्त संयुगे आणि रासायनिक क्रिया घडवणारी विकरे वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. सुरीने पेशी फुटताच ती एकत्र येतात आणि, २००२ मध्ये जपानी संशोधकांनी ओळखलेल्या एका स्वतंत्र विकरामुळे, डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. थंडीत विकरांचे काम मंदावते आणि वायूही कमी उडतो, म्हणून अर्धा तास आधी कांदा फ्रिजमध्ये ठेवावा; मात्र चिरेपर्यंत तो पुन्हा कोमट झाला, तर फायदा उरत नाही. बोथट सुरी पेशी चिरडते, त्यामुळे धार महत्त्वाची. तोंडात पाव धरण्याचा उपाय मला निरुपयोगी वाटतो, कारण वायू थेट डोळ्यांपर्यंत पोहोचतो.